मांजर घुरघुरतंय, पण खात नाही: आधी काय तपासायचं आणि दवाखाना कधी गाठायचा

मांजरांबद्दल मला जे फोन येतात, त्यांत एक वाक्य हमखास असतं. "काकू, दोन दिवस झाले, नीट खात नाहीये. पण हात लावला की घुरघुरते. म्हणजे काळजीचं काही नाही ना?" सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या घरात गेली १८ वर्षं मांजरं आहेत, कधी दोन, कधी सात. मी डॉक्टर नाही. पण या एका प्रश्नापायी गल्लीतल्या, नात्यातल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या इतक्या मांजरांजवळ जमिनीवर बसून झालंय, की आता बघायचा क्रम हाताला बसलाय. तोच इथे लिहिते.

घोटाळा मांजरात नसतो, आपल्या समजुतीत असतो. घुरघुर म्हणजे खुशी, असं आपण लहानपणापासून धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण दुखत असताना, घाबरल्यावर, पिल्लं होताना आणि कधीकधी अगदी शेवटच्या तासांतही मांजर घुरघुरतं. त्यामुळे नुसत्या आवाजावरून निकाल देऊ नका.

लक्षणं कशी दिसतात

नेहमीची जागा सोडून मांजर मोरीत, पलंगाखाली किंवा कपाटामागे जाऊन बसतं. बोलावलं तर येत नाही, पण आपण जवळ गेलो की घुरघुर सुरू होते. काही वेळा कोणी जवळ नसतानाही अंधारात एकटंच घुरघुरत असतं. ताटलीपाशी जातं, वास घेतं आणि मागे फिरतं. अंग चाटणं कमी होतं, पाठीवरचे केस विस्कटलेले, तेलकट दिसतात. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर पुढच्या तपासण्या त्याच दिवशी करा.

पहाटे चारला उशाशी येऊन घुरघुर करत उठवणारं मांजर मात्र या यादीत येत नाही. त्याचं वेगळं आहे, खाली सांगते.

आवाज येतो कुठून

हे थोडं समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. म्याँव फक्त श्वास सोडताना निघतं. घुरघुर मात्र श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा चालू राहते, म्हणून ती अखंड वाटते. ती घशातल्या स्वरयंत्रातून येते, सेकंदाला साधारण २५ ते ३० कंपनं. एवढ्या लहानशा जिवाच्या घशातून इतका खर्जातला सूर कसा निघतो, हे कोडं बरीच वर्षं होतं. २०२३ साली व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी आजाराने गेलेल्या आठ मांजरांची स्वरयंत्रं घेऊन त्यांतून नुसती हवा सोडली. मेंदूकडून काहीच हुकूम येत नसताना त्यांतून घुरघुरीच्या पट्टीतला आवाज निघाला. स्वरतंतूंच्या आत ऊतींची जाडसर गादी असते, तिच्यामुळे तंतू जड होऊन सावकाश थरथरतात. जिवंत मांजरात स्नायूंचा वाटा किती, यावर चर्चा चालू आहे, पण घशाची घडणच अशी आहे की हा सूर काढायला मांजराला फार कष्ट पडत नसावेत. आजारी, दमलेलं मांजरही तासन् तास घुरघुरू शकतं, ते बघताना मला हेच आठवतं.

दुसरी गोष्ट पिल्लांची. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात आणि कानही बंद. तरी थोड्याच दिवसांत ते दूध पिताना घुरघुरायला लागतं, आणि आईही घुरघुरत असते. आमच्या भागात शेजारी माग चालू असला की भिंतीला हात लावूनही कळतं, कानाची गरज लागत नाही. पिल्लाला आई तशीच कळते, पोटाच्या थरथरीतून. तू जवळ आहेस, मी जवळ आहे, एवढंच ते बोलणं. मोठेपणी मांडीवर बसल्यावर तेच बोलणं सुखाचं होतं, आणि दुखत असताना तेच बोलणं जवळच्या माणसाला धरून राहण्याचं होतं, अशी माझी समजूत आहे.

तपासणी पहिली: लांबून दहा मिनिटं नुसतं बघा

याला पैसा लागत नाही आणि मांजरालाही त्रास होत नाही, म्हणून ही पहिली. हात लावू नका, नाव घेऊन बोलावू नका. मांजर जागं हवं. झोपलेलं, खाणारं किंवा अंग चाटणारं असेल तर थांबा.

सुखात घुरघुरणारं मांजर सैल असतं. कुशीवर पसरलेलं, पाय लांब सोडलेले, किंवा पुढच्या पायांनी गोधडी मळत बसलेलं. डोळे हळूच मिटतं, हळूच उघडतं. दुखणारं मांजर गोळा होऊन बसतं, पाठ कमानीसारखी, चारही पाय अंगाखाली, पण वजन टेकलेलं नाही. झोपल्यासारखं दिसतं आणि झोपलेलं नसतं.

चेहरा बघायला मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये एक मोजपट्टी तयार केली. ती मी शिकून घेतली, आणि घरच्या माणसालाही ती जमते. पाच जागा बघायच्या. कान बाहेरच्या बाजूला वळून एकमेकांपासून फाकलेत का? डोळे किलकिले झालेत का? नाकाखालचा गोलसर भाग ताणून लांबट दिसतोय का? मिशा खाली वळायच्या ऐवजी सरळ, ताठ झाल्यात का? डोकं खांद्यांच्या रेषेपेक्षा खाली गेलंय का? प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले, तर वेदनेवर उपचार लागण्याची शक्यता मोठी. या पाच जागांत आवाज कुठेच नाही, हे लक्षात घ्या.

दुसरी: ताटली पुढे करा

आता पहाटेच्या घुरघुरीबद्दल. ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅकोम्ब यांनी २००९ मध्ये दाखवलं की खायला मागणाऱ्या घुरघुरीत वरच्या पट्टीतला, रडण्याच्या जवळचा एक सूर मिसळलेला असतो. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही, त्यांनाही ती घुरघुर जास्त निकडीची वाटली. तान्ह्या बाळाच्या रडण्याची पट्टीही साधारण तीच, म्हणून आपण उठून बसतो.

त्यामुळे आवाजात अशी किणकिण असेल, तर नेहमीचं खाणं थोडं कोमट करून समोर ठेवा. वास उठतो. मांजराने खाल्लं, भांडं चाटलं आणि जाऊन बसलं, तर प्रश्न संपला. ताटलीपाशी धावत आलं, तोंड लावलं आणि एकदम मागे झालं, मान झटकली, एका बाजूनेच चावलं, तर तोंड दुखतंय, बहुधा हिरड्या किंवा दात. वास घेऊन ओठ चाटत बाजूला गेलं, तर मळमळ असू शकते. वळूनही बघितलं नाही, तर घड्याळ लावा. मोठं मांजर २४ तास काहीच खात नसेल तर दवाखाना. जाड मांजराच्या बाबतीत तर अजिबात रेंगाळू नका. उपाशी राहिल्यावर त्याच्या शरीरातली चरबी यकृतात साठू लागते, आणि मूळ दुखणं साधं असलं तरी यकृताचं दुखणं जिवावर बेतू शकतं. पिल्लाला तर एवढाही वेळ देऊ नका.

बळजबरीने पिचकारीने दूध पाजू नका. ठसका लागून ते फुफ्फुसात जाण्याची भीती असते.

तिसरी: श्वास मोजा

हे झोपेतच करायचं. घुरघुर चालू असताना छाती आणि बरगड्या थरथरतात, मोजणी चुकते. गाढ झोपलं की छाती एकदा वर गेली आणि खाली आली म्हणजे एक, असं पूर्ण मिनिटभर मोजा. निवांत झोपेत तीसच्या आत यायला हवेत. तासाभराने पुन्हा मोजूनही तीसच्या वर असतील तर डॉक्टरांना फोन करा, चाळीसच्या वर असतील तर त्याच दिवशी घेऊन जा. हृदयाचं दुखणं किंवा छातीत साठलेलं पाणी बाहेरून दुसरीकडे कुठेच दिसत नाही, इथे दिसतं. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर उन्हाळ्यातही नॉर्मल समजू नका. कुत्र्यासारखं जीभ काढून गार होणं ही मांजराची रीत नाही.

चौथी: रेतीची पाटी

याच तपासणीने मी सगळ्यात जास्त मांजरं वाचलेली पाहिली आहेत, म्हणून इथे जरा थांबते.

मे महिना होता, पारा ४३ च्या आसपास. समोरच्या वाड्यातली सून दुपारी आली. त्यांचा बोका सोन्या, चार वर्षांचा, ऑपरेशन केलेला, घरातच राहणारा, अंगाने भरलेला. "काकू, सकाळपासून मोरीतच बसलाय. गारव्याला गेला असेल. घुरघुर तर इतकी चालूय, की बाहेर ऐकू येतेय." तिला हायसंच वाटत होतं. मला मोरी हा शब्द ऐकून धस्स झालं.

गेले. सोन्या ओल्या फरशीवर जाळीपाशी होता. घुरघुर खरंच मोठी. पण तो बसला नव्हता, मागचे पाय वाकवून दबला होता, शेपूट थोडी उचललेली. मिनिटभर तसाच राहिला, दोन पावलं सरकला, पुन्हा दबला. मग वळून मूत्रमार्गाची जागा चाटत राहिला. फरशीवर एक थेंब पडला, फिकट गुलाबी.

मी विचारलं, "पाटी कधी साफ केलीस?"

"काल रात्री."

पाटी बघितली. वाळू सगळीकडे उकरलेली, ओला गोळा एकही नाही. चांगला बोका दिवसातून दोन-तीनदा लघवी करतो आणि दर वेळी लिंबाएवढा तरी गोळा निघतो. इथे रात्रीपासून दुपारपर्यंत काहीच नव्हतं, नुसते उकरण्याचे खड्डे.

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाला फार अरुंद असतो. लघवीतले बारीक खडे आणि चिकट स्राव यांचा बूच तिथे अडकतो आणि लघवी तुंबते. मूत्राशय फुगत जातं, मूत्रपिंडावर मागून दाब येतो, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. यात एक-दोन दिवसांत बोका जातो. भाटीचा मार्ग रुंद असतो, तिला हे क्वचित होतं. सोन्याला सुकं खाणं एवढंच मिळायचं, ज्यात पाण्याचा अंश दहा टक्क्यांच्या आसपास असतो. पाण्याचं भांडं एकच, तेही स्वयंपाकघरात ये-जा असते तिथे. मांजर मुळातच पाणी कमी पितं, त्यात उन्हाळा. मग लघवी दाट होते आणि खडे बनायला वाव मिळतो. पाणी आणि ताण या दोन गोष्टींवर आपला हात चालतो, खाण्याचं आणि औषधाचं डॉक्टर ठरवतात.

मी सोन्याच्या पोटाला मागच्या पायांच्या पुढे फक्त बोटांची टोकं टेकवली. आत मोसंबीएवढं, टणक काहीतरी लागलं. तो घुरघुरतच होता, पण कान चपटे झाले. तिथेच हात काढला. ते दाबून लघवी काढायचा प्रयत्न कधीही करू नका, ताणलेलं मूत्राशय आतच फुटू शकतं.

सून म्हणाली, "ऊन उतरलं की नेऊ का? आत्ता रिक्षात तापेल."

"आत्ता. ओला टॉवेल टोपलीत टाक आणि चल."

पाचवी: हाताने तपासणं, आणि हात कुठे थांबवायचा

वरच्या चार तपासण्यांत काही सापडलं नसेल तरच ही. वरचा ओठ अंगठ्याने उचला आणि हिरडी बघा. गुलाबी हवी. क्षणभर दाबून सोडली की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. पांढरी, निळसर किंवा पिवळी हिरडी दिसली, तर पुढचं काही बघत बसू नका. खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडा. ती सावकाश खाली बसली, तर अंगातलं पाणी कमी झालंय, पण म्हाताऱ्या मांजरात कातडी तशीही सैल असते, तिथे हिरडी ओली आहे की चिकट यावर जास्त भरवसा ठेवा. मग पाठीवरून, पायांवरून हलका हात फिरवा. जिथे घुरघुर एकदम थांबते, कातडी थरथरते किंवा मांजर मान वळवून हाताकडे बघतं, तिथे दुखतंय. पुन्हा तिथेच दाबून खात्री करू नका. चावा बसतो, आणि मांजराचा चावा माणसाला खोलवर पिकतो. रस्त्यावरच्या किंवा लस न दिलेल्या मांजराने चावलं तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवून माणसाने स्वतःसाठीही दवाखाना गाठायचा, रेबीजच्या इंजेक्शनसाठी.

घुरघुरून हाड जुळतं का

हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं, आणि यामुळे उपचाराला उशीर झालेला मी पाहिलाय. गच्चीवरून पडलेली एक भाटी चार दिवस घरीच ठेवली होती, कारण घुरघुरीने तिचं हाड आपोआप जुळतंय असं घरच्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. पाय खुब्यापाशी मोडलेला होता.

या समजुतीला थोडा आधार आहे. यंत्राने दिलेल्या, सेकंदाला तीसच्या आसपासच्या हलक्या कंपनांनी मेंढ्यांच्या मागच्या पायांतलं हाड दाट झाल्याचं २००१ मध्ये दिसलं होतं. घुरघुरीची कंपनं त्याच पट्टीत येतात. त्यावरून मांजर स्वतःला बरं करत असावं, असा अंदाज काही संशोधकांनी मांडला. तो अंदाज अजून सिद्ध झालेला नाही. घुरघुरणाऱ्या मांजराचं हाड लवकर जुळतं, असं मोजून कोणी दाखवलेलं नाही. शिवाय सरकलेलं हाड जागेवर बसवल्याशिवाय नीट जुळत नाही, कितीही कंपनं मिळाली तरी. घुरघुरीने मांजराचं मन शांत होत असेल, त्याला झोप लागत असेल, हे मला पटतं. त्यासाठी त्याला निवांत जागा द्या. पण उपचार म्हणून तिच्यावर विसंबू नका.

घरी थांबायचं नाही, असं कधी

बोका पाटीत दबतोय आणि ओला गोळा नाही, तर तासही थांबू नका, रात्र असली तरी. तोंड उघडून श्वास, हिरड्यांचा रंग बदललेला, पडल्यानंतरचं लंगडणं, मागचे पाय एकाएकी लुळे आणि गार पडणं, हेही तसंच. बाळंत होणारी भाटी घुरघुरते, ते नेहमीचं आहे, पण जोरात कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, तर डॉक्टर हवेत.

आणि माणसाची वेदनेची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. एक गोळी पुरते जीव जायला. अर्धी दिली तर चालेल, असंही नाही. चुकून दिली गेली असेल, तर लपवू नका. किती वाजता आणि किती दिली, ते डॉक्टरांना सांगा, वेळेत कळलं तर उतारा देता येतो.

दवाखान्यात जाताना मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ घेऊन जा, मांजर घरी कसं बसत होतं त्याचा. टेबलावर ठेवलं की तेच मांजर ताठ उभं राहतं आणि जोरात घुरघुरतं. त्या घुरघुरीमुळे स्टेथोस्कोपमधून हृदय ऐकूच येत नाही. सोन्याच्या वेळी डॉक्टरांनी कोपऱ्यातला नळ सोडला. पाण्याच्या आवाजाने त्याचे कान तिकडे वळले, घुरघुर थांबली, आणि त्या दहा-पंधरा सेकंदांत त्यांनी ठोके ऐकून घेतले. नेहमीपेक्षा मंद होते. लगेच सलाईन लावलं, भूल देऊन नळी घातली. लालसर लघवी पिशवीत उतरायला लागली तेव्हा सून दाराबाहेर बाकावर रडत होती. "मला वाटलं, तो मजेत आहे."

नळी दोन दिवस ठेवली. घरी आल्यावर खाणं ओलं केलं, पाण्याची भांडी चार ठिकाणी ठेवली, एक मोरीच्या दाराशीच. हे दुखणं पहिल्या काही आठवड्यांत उलटण्याची भीती असते, म्हणून तिने कॅलेंडरवर रोज पाटीतले गोळे लिहायला सुरुवात केली. आठव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, सोन्या पुन्हा मोरीत बसून घुरघुरतोय म्हणून. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं, "पाटी बघितली काकू. रात्रीपासून तीन गोळे आहेत, चांगले मोठे. आडवा पडलाय, पाय लांब सोडून."

"मग असू दे," म्हटलं, "फरशी गार असते तिथे."